देवघराची मांडणी, दीड मिनिटाच्या व्हिडिओत

मराठी घरातला देव्हारा बहुधा दीड-दोन फूट रुंदीचा असतो. त्यात मध्यभागी गणपती, आजूबाजूला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंकराची पिंडी किंवा बाण, मागे कुलदैवतांचे टाक, पुढे घंटा, शंख आणि निरांजन एवढी मंडळी सहज असते. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बऱ्याच घरांत सुनेबरोबर माहेरून येतात. टाक वडिलोपार्जित असतात. कोणता देव कुठे ठेवायचा हे पूर्वी आजी किंवा सासूबाई रोज सकाळी करताना पाहून समजत असे. आता नवे घर थाटणारी जोडपी ते मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून शिकतात. असा व्हिडिओ बरेचदा आवाज बंद ठेवून पाहिला जातो, त्यामुळे शिकवण्याचा सगळा भार चित्रावर आणि पडद्यावर येणाऱ्या चार-सहा शब्दांच्या ओळीवर पडतो. मांडणी ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने व्हिडिओ गेला, तर दीड मिनिटात आसन, देव, दिवा आणि फुले एवढे नीट दाखवता येते.

उदाहरणासाठी गणेशपंचायतन घेणे सोयीचे, कारण त्यात प्रत्येक देवाची जागा ठरलेली आहे. स्मार्त परंपरेत गणपती, विष्णू, शिव, सूर्य आणि देवी या पाच देवतांची एकत्र पूजा होते, आणि ही प्रथा रूढ करण्याचे श्रेय परंपरा आद्य शंकराचार्यांना देते. घराण्याचे जे मुख्य दैवत ते मधोमध, बाकीचे चौघे चार कोपऱ्यांना. गणपती मध्ये असेल तर ते गणेशपंचायतन, शिव मध्ये असेल तर शिवपंचायतन. सांगलीच्या पटवर्धनांचे गणपती देवस्थान याच रचनेचे आहे. देवांची रूपे मूर्तींचीच असली पाहिजेत असे नाही. विष्णूसाठी गंडकी नदीतला शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतला बाण, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा दगड, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी धातूची झाक असलेला दगड असे जुने पंचायतन असते. सर्वसाधारण घरात यांतले चार देव मूर्तिरूपाने आधीच असतात. गणपती आहे, पिंडी आहे, बाळकृष्ण विष्णूच्या जागी आहे, अन्नपूर्णा देवीच्या जागी आहे. नसतो तो सूर्य. त्याच्या जागी सुपारी मांडली तरी चालते.

कोपरे ठरतात ते दिशांवरून. गणेशपंचायतनात ईशान्येला विष्णू, आग्नेयेला शिव, नैऋत्येला सूर्य आणि वायव्येला देवी. देव्हारा पूर्वेच्या भिंतीला असेल तर पूजा करणाऱ्याचे तोंड पूर्वेला येते. मग ईशान्य हा त्याच्यापासून लांबचा डावा कोपरा होतो आणि आग्नेय लांबचा उजवा. म्हणजे मागच्या बाजूला डावीकडे बाळकृष्ण, उजवीकडे पिंडी. पुढच्या बाजूला उजवीकडे सूर्याची सुपारी, डावीकडे अन्नपूर्णा. हाच देव्हारा उत्तरेच्या भिंतीला असेल तर दिशा तिथेच राहतात, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने कोपरे फिरतात. बाळकृष्ण मागे उजवीकडे जातो, पिंडी पुढे उजवीकडे येते, सूर्य पुढे डावीकडे आणि अन्नपूर्णा मागे डावीकडे. काही घराण्यांत खऱ्या दिशा न पाहता देव आणि पूजक यांच्यामधली दिशा हीच पूर्व मानतात. तिथे घरची रीत पाळावी. मात्र व्हिडिओत सुरुवातीलाच भिंत कोणती ते लिहिले पाहिजे. ‘देव्हारा: पूर्वेची भिंत’ एवढी ओळ पुरते, आणि तिच्याशिवाय पुढचे सगळे चित्र दुसऱ्याच्या घरात चुकीचे ठरू शकते.

शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत डाव्या-उजव्याने होते. पूजेच्या पोथ्यांत ‘उजवीकडे’ म्हणजे बहुधा देवाच्या उजव्या हाताला. समोर बसलेल्या माणसाला ती बाजू डावी दिसते. त्यात व्हिडिओ मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतला असेल तर चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते, आणि काही फोन ते उलटेच साठवतात. मग मागे डावीकडे ठेवलेला बाळकृष्ण पाहणाऱ्याला उजवीकडे दिसतो, डाव्या हातात धरलेली घंटा उजव्या हातात येते आणि ओवाळण्याचे ताट घड्याळाच्या उलट फिरू लागते. असे झाले आहे का ते ओळखायची सोपी खूण आहे. मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर किंवा अगरबत्तीच्या पुड्यावरची अक्षरे उलटी दिसली तर चित्र उलटे आहे. यावर उपाय म्हणजे मागचा कॅमेरा वापरणे आणि तो पूजा करणाऱ्याच्या खांद्यामागे, जरा उंचावर, स्टँडवर बसवणे. हात चित्राच्या खालच्या कडेकडून आत येतात, देव समोर दिसतात आणि पाहणाऱ्याला ते आपलेच हात वाटतात. ओळींतही ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ शक्यतो टाळून ‘गणपतीच्या मागे, खिडकीच्या बाजूला’ किंवा ‘घंटेजवळ’ असे चित्रात दिसणारे ठिकाण सांगावे.

आणखी एक व्यावहारिक अडचण. शिखराच्या देव्हाऱ्यात वरून चित्रण करता येत नाही, आणि पाच देवांच्या जागा तर वरूनच नीट कळतात. म्हणून मांडणी आधी चौरंगावर करून दाखवावी आणि शेवटी तीच देव्हाऱ्यात दाखवावी. नित्य पूजेतले देव पुन्हा पुन्हा उचलून ठेवणे बऱ्याच घरांत रुचत नाही, टाकांबाबत तर नाहीच. चित्रणासाठी वेगळ्या मूर्ती घेणे हे त्या दृष्टीने योग्य आहे.

पहिली पंधरा सेकंदे आसनाची. चौरंग स्वच्छ पुसून त्यावर तांबडे किंवा पिवळे वस्त्र घालतात. वस्त्र चौरंगाच्या कडेच्या खाली चार बोटांहून जास्त लोंबू नये, कारण पुढे तिथे निरांजन येणार आहे. रोजच्या अभिषेकात पाणी सांडते, म्हणून देव थेट वस्त्रावर न ठेवता तांब्या-पितळेच्या तबकात किंवा छोट्या सिंहासनावर ठेवलेले बरे. ओल्या कापडावर ठेवलेल्या पितळी मूर्तीच्या तळाला हिरवट थर धरतो. तो दिसू लागला की खाली ओल राहते आहे असे समजावे. पितळ चिंचेने आणि चांदी कोरड्या रांगोळीने घासण्याची जुनी पद्धत आजही कामाला येते. इथल्या ओळी दोनच: ‘चौरंग पुसून वस्त्र घाला’ आणि ‘देवांखाली तबक ठेवा’.

पुढची पंचवीस सेकंदे देवांची. आधी मागे टाक उभे करावेत. टाक हे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देवतांचे ठसे. खंडोबा, भवानी, ज्योतिबा असे घराण्याचे देव त्यांवर असतात. ते पातळ आणि हलके असल्यामुळे पडतात, म्हणून त्यांच्या मागे टेकू हवा. मग मध्यभागी गणपती, आणि त्यानंतर बाळकृष्ण, पिंडी, सूर्य, अन्नपूर्णा याच क्रमाने चार कोपरे. प्रत्येक देव ठेवताना ओळ बदलते: ‘मध्ये गणपती’, ‘ईशान्येला बाळकृष्ण’, ‘आग्नेयेला पिंडी’, ‘नैऋत्येला सूर्य’, ‘वायव्येला अन्नपूर्णा’. पिंडीच्या शाळुंकेची पाणी वाहून जाण्याची पन्हळ उत्तरेकडे करावी. उदाहरणातल्या मांडणीत उत्तर पूजकाच्या डाव्या हाताला आहे. हे चित्रात जवळून दाखवण्याजोगे आहे, कारण नवख्याच्या लक्षात येत नाही ते नेमके हेच.

देव किती आणि केवढे, यालाही मर्यादा आहे. मत्स्यपुराणात घरच्या मूर्तीची उंची अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंत सांगितली आहे. त्याहून मोठी मूर्ती देवळातली. दोन शिवलिंगे, दोन शंख किंवा तीन गणपती एका देवघरात पूजू नयेत, असाही जुना नियम आहे. आज तो सर्वांत जास्त मोडतो गणपतीच्या बाबतीत. वास्तुशांतीत, लग्नात, वाढदिवसाला गणपतीच भेट मिळतो आणि प्रत्येक गणपती देव्हाऱ्यात जाऊन बसतो. सात-आठ गणपतींच्या गर्दीत ना पंचायतनाची जागा उरते, ना रोज सगळ्यांना अंघोळ घालणे होते. भेटीची मूर्ती दिवाणखान्यात शोभेला ठेवावी आणि देव्हाऱ्यात एकच गणपती असावा, हे नवख्याला स्पष्ट सांगितलेले चांगले. गेलेल्या माणसांच्या तसबिरीही देवांच्या रांगेत ठेवत नाहीत. त्यांची जागा वेगळ्या भिंतीवर.

घंटा पूजकाच्या डाव्या हाताला ठेवतात, कारण आरती उजव्या हाताने ओवाळताना घंटा डाव्या हाताने वाजवायची असते.

आता दिवा. घरात सहसा दोन प्रकारचे दिवे असतात. तुपाचे निरांजन आणि तेलाची समई. रूढ नियम असा की तुपाचा दिवा देवाच्या उजव्या बाजूला आणि तेलाचा डाव्या बाजूला. उदाहरणातल्या मांडणीत देवाचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून निरांजन पाहणाऱ्याच्या डावीकडे घंटेच्या जवळ येते आणि समई उजवीकडे. ‘तुपाचे निरांजन घंटेच्या बाजूला’ ही ओळ त्यामुळे ‘देवाच्या उजवीकडे’ या ओळीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

निरांजनात फुलवात लावतात. तिचे बूड गोल असते आणि टोक वर निमुळते. जळतो तो कापूस नव्हे. कापसाच्या धाग्यांतून वर चढलेले तूप उष्णतेने वाफ होऊन जळते, आणि तुपाचा पुरवठा चालू आहे तोवर कापूस फारसा जळत नाही. नवख्याच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून सुटतात. थंडीत तूप थिजते आणि थिजलेले तूप वातीत चढत नाही, म्हणून वात पेटते, क्षणभर नुसता कापूस जळतो आणि ती विझते. अशा वेळी तूप जरा पातळ करून त्यात वात आधी बुडवावी आणि टोकालाही बोटाने तूप लावावे. वात फार घट्ट वळली असेल तर तूप वर पोचत नाही आणि ज्योत बारीक राहते. फार सैल असेल तर ती भसकन पेटते आणि लवकर संपते.

समईच्या वातीचेही तसेच. रोजच्या पूजेत पाचही नळांत वाती लावण्याची गरज नसते. दोन वाती एकत्र वळून एका नळात लावल्या तरी पुरे. वात नळाबाहेर गव्हाच्या दाण्याएवढीच असावी. ती लांब राहिली की ज्योत वर तांबूस होते, तिच्या टोकातून काळी रेघ निघते आणि देव्हाऱ्याच्या छतावर काजळी धरते. ज्योत मंदावली असेल तर आधी तेल पाहावे. तेल पुरेसे असेल तर वातीच्या टोकावर जळकी गुठळी जमली आहे असे समजून ती काडीने काढावी. तेल काठोकाठ भरू नये. वात तेल ओढते आणि ते नळावरून बाहेर पाझरत राहते, म्हणून समईखाली नेहमी ताटली ठेवतात.

खरा धोका पंख्याचा आहे. छताचा पंखा चालू असताना ज्योत एका बाजूला कलते, आणि ती बाजू देव्हाऱ्याच्या लाकडाची, वस्त्राच्या टोकाची किंवा वर बांधलेल्या कापडी तोरणाची असू शकते. ज्योतीच्या वर किमान हातभर मोकळी जागा हवी. छोट्या भिंतीवरच्या देव्हाऱ्यात ती मिळत नाही. तिथे दिवा आत न ठेवता पुढे पाटावर ठेवावा. ही गोष्ट व्हिडिओत ओळीने सांगण्यापेक्षा दाखवावी: आधी पंखा बंद करणारा हात, मग काडी. ‘पंखा बंद, मग दिवा’ एवढेच शब्द त्यावर पुरतात. दिवा लावून घराबाहेर जायचे असेल तर तो शांत करूनच जावे. तो फुंकरीने विझवत नाहीत. निरांजनावर छोटी वाटी पालथी धरली की ज्योत आपोआप जाते आणि वातीची राखही उडत नाही.

दिव्याचे चित्रण अवघड असते. मोबाइलचा कॅमेरा देवांचे चेहरे उजळ करायला जातो आणि ज्योतीच्या जागी पांढरा ठिपका उरतो. पडद्यावर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बऱ्याच फोनमध्ये प्रकाश आणि फोकस तिथेच अडकून राहतात. मग उजेड हळूहळू कमी करत न्यावा, ज्योतीची कड दिसू लागली की थांबावे. देव्हाऱ्यातली विजेची माळ बंद ठेवावी, कारण तिच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. सकाळी खिडकीतून येणारा उजेड पितळेलाही आणि ज्योतीलाही मानवतो.

शेवटची पंचवीस सेकंदे फुलांची. इथे पाच देवांचे पाच स्वभाव दिसतात. गणपतीला तांबडे जास्वंद आणि दूर्वांची जुडी, बाळकृष्णाला तुळस, पिंडीला बेल आणि पांढरी तगर, सूर्याला तांबडी कण्हेर, अन्नपूर्णेला शेवंती. आणि जे चालत नाही तेही तितकेच ठरलेले आहे. गणपतीला तुळस नाही, अपवाद भाद्रपदातल्या चतुर्थीचा. शाळिग्रामाला अक्षता नाहीत. देवीला दूर्वा नाहीत. सूर्याला बेल नाही. शंकराला केवडा नाही. पाचही देवांवर एकच मिश्र फुलपुडी उधळण्याची सवय लागते ती हे माहीत नसल्यामुळे. ओळ लिहिताना मात्र नकार आधी देऊ नये. ‘गणपतीला दूर्वा, जास्वंद’ असे लिहून पुढच्या ओळीत ‘तुळस बाळकृष्णाला’ म्हटले की तुळस कुठे जाते ते कळते आणि पाहणारा गोंधळत नाही.

फूल झाडावर जसे उमलते तसेच वाहावे, म्हणजे तोंड वर, देठ खाली. बेलाचे त्रिदल मात्र पालथे वाहतात. कळ्या वाहत नाहीत, कमळ आणि चाफा सोडून. खाली पडलेली फुलेही नाहीत, प्राजक्त सोडून, कारण तो रात्री फुलून पहाटे स्वतःच खाली पडतो. फूल मूर्तीच्या मस्तकावर किंवा पायाशी असावे, चेहरा झाकला जाऊ नये. टाकांवर हार घालताना त्यांचा तोल जातो, तिथे एकेक सुटे फूल पुरते. फुलांवरचे पाणी झटकून घ्यावे, नाहीतर पितळेवर पांढरे डाग पडतात. कण्हेरीचा चीक आणि पाने-फुले विषारी असतात. ती हाताळल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांच्या आवाक्यात ठेवू नयेत. व्हिडिओत कण्हेर दाखवली तर हे सांगणे टाळता येणार नाही.

जास्वंद एक दिवसाचे फूल आहे, संध्याकाळपर्यंत मिटते. शेवंती टिकते, पण टिकते म्हणून दुसऱ्या दिवशी ठेवायची नसते. सकाळी पूजेआधी कालची फुले काढतात, त्यालाच निर्माल्य म्हणतात. तुळस आणि बेल शिळे मानले जात नाहीत. बेल धुऊन पुन्हा वाहता येतो. कुजू लागलेले निर्माल्य लाकडावर डाग पाडते आणि मुंग्यांना बोलावते. ते नदीत टाकण्यापेक्षा कुंडीतल्या मातीत मिसळावे. व्हिडिओच्या अखेरीस सजवलेल्या देवांनंतर निर्माल्य काढणारा हात तीन सेकंद दाखवावा, नाहीतर मांडणी एकदाच करायची असते असा समज होतो.

आता ओळींच्या रचनेबद्दल. एका ओळीत एकच कृती, सहा शब्दांच्या आत, आणि ती किमान तीन सेकंद पडद्यावर. हात हालण्याच्या जरा आधी ओळ यावी, म्हणजे काय होणार ते वाचून मग डोळे हाताकडे वळतात. उभ्या व्हिडिओत खालच्या भागावर ॲपची बटणे आणि नावे येतात, म्हणून ओळ वरच्या तिसऱ्या भागात ठेवावी, मात्र देवांच्या चेहऱ्यांवर नाही. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. दोन ओळींमध्ये अंतर कमी पडले की ‘पूर्वेला’ या शब्दाचा रफार वरच्या ओळीत घुसतो. काही ॲपमध्ये जोडाक्षरे फुटतात आणि ‘निर्माल्य’ पाय मोडून दिसते, तेव्हा फॉन्ट बदलून पाहावा. अक्षरांमागे हलकी काळी पट्टी हवी, कारण पितळ आणि ज्योत यांच्यावर पिवळी किंवा पांढरी अक्षरे वाचता येत नाहीत.

व्हिडिओ तयार झाल्यावर तो कधीही देवपूजा न केलेल्या माणसाला आवाज बंद ठेवून दाखवावा, आणि समोर चौरंग, पाच सुपाऱ्या, एक वाटी आणि थोडी फुले द्यावीत. सुपाऱ्या योग्य कोपऱ्यांत गेल्या, वाटी घंटेच्या बाजूला आली आणि तुळस मधल्या सुपारीवर पडली नाही, तर व्हिडिओ लोकांना दाखवायला तयार आहे. जिथे त्याचा हात अडखळेल तिथली ओळ पुन्हा लिहावी.